दुकानाचा निरोप



अशोका गार्डनमध्ये माझ्या मेव्हण्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हात तेलात असले की ते फोन उचलत नाहीत. म्हणून त्यांनी व्हॉइसमेल सुरू केला आणि निरोप लिहायला मला बसवलं. गिऱ्हाइकं हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारी, तेव्हा निरोपही दोन्ही भाषांत हवा होता.

त्यांचं वाक्य होतं, ‘पाच ते सात परत फोन होईल.’ कोण करणार? आपल्या ‘परत’चे दोन अर्थ, माघारी आणि पुन्हा. गिऱ्हाईक समजेल, पाचला आपणच पुन्हा करायचा. इकडे मेव्हणे त्याला फोन लावणार, आणि दोघांनाही एकमेकांचा फोन व्यस्त लागणार. (‘फोन परत करा’ म्हटलं तर तो उसना आणल्यासारखा!) म्हणून कर्ता घातला: ‘आम्ही तुम्हाला फोन करू.’

मग वेळ. जुन्या पद्धतीच्या फोनवाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचेच ध्वनी जातात आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. ‘सात’चा ‘स’ पुसट झाला की उरतं ते ‘आठ’च्या जवळ जातं. त्यावर उपाय म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांनी सांगायची: ‘पाच ते सात, हे दोन तास.’ ‘आज’ आणि ‘उद्या’ मी काढून टाकले. निरोप ऐकणाऱ्याचा आज कोणता, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं.

खरी अडचण नंबराची. शेवटचे अंक ४९२९. मेव्हणे सवयीने म्हणाले, ‘एकोणपन्नास, एकोणतीस.’ लिहिणाऱ्याच्या कानात ‘पन्नास’ राहतं आणि हात ५ काढतो. ‘पंचेचाळीस’मध्येही आधी पाच ऐकू येतो, लिहायचा मात्र चार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा वाद झाला, शिक्षकांना आठवत असेल. वर्गात काय शिकवावं यावर माझं मत जुन्याच बाजूचं आहे. फोनवर मात्र एकेक अंक सुटा सांगावा. हिंदीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण ‘दो’ आणि ‘नौ’ घरघरीत सारखेच वाटतात. मराठीचे ‘दोन’ आणि ‘नऊ’ वेगळे राहतात. म्हणून हिंदीत नंबर दोनदा, मराठीत एकदा.

दहा अंकांचे पाच-पाचचे दोन तुकडे केले, मध्ये एक श्वास. नंबर शेवटी ठेवला, तोवर पेन सापडतं. शटर अर्धं ओढून, पंखा बंद करून, फोन वीतभर लांब धरून तिसऱ्यांदा नीट मुद्रण झालं. मग मी बाहेर जाऊन फोन लावला आणि शेजारच्या दुकानातल्या मुलाला नंबर लिहायला सांगितला. पहिल्या दोन मुद्रणांत त्याने ४९२९ चा शेवट २२ लिहिला होता. या वेळी २९ लिहिला.

मराठी निरोप असा: ‘नमस्कार, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, अशोका गार्डन. तुमचं नाव आणि मशीनचा बिघाड सांगा. संध्याकाळी पाच ते सात, या दोन तासांत आम्ही तुम्हाला फोन करू. रविवारी दुकान बंद. आमचा नंबर...’ पुढे अंक, एकेक.