आभारपत्रातील ‘विशेष’
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या वाडवडिलांच्या पत्रांत मायन्याखाली ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे असत. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नमस्कार झाला, आता ह्या पत्रापुरते जे खास सांगावयाचे ते ऐकावे, असा त्यांचा आशय. पोस्टकार्ड मागे पडून ई-मेल आली, तरी त्या ‘विशेषा’ची गरज संपलेली नाही. त्याचेच एक उदाहरण आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

धुळ्यास शिकणाऱ्या आपल्या समाजातील एका विद्यार्थ्याने महाविद्यालयात एका उद्योजकाचे व्याख्यान ठरविले. पाहुणे जळगावचे डाळमिलवाले. सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास करून ते आले आणि स्वतःच्या यशाऐवजी आपल्या पहिल्या हंगामातील चूक त्यांनी सांगितली. स्वस्त मिळते म्हणून त्यांनी ओलसर तूर घेतली होती. तूर वाळली, वजन घटले आणि स्वस्ताई महागात पडली.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने आभाराच्या ई-मेलचा मसुदा आम्हांस दाखविला. ‘आपल्या मौल्यवान मार्गदर्शनाने आम्ही भारावून गेलो. आपले प्रेरणादायी विचार सदैव स्मरणात राहतील.’ आम्ही त्यास विचारले, “हेच पत्र गेल्या वर्षीच्या पाहुण्यांस पाठविले असते, तर एक तरी शब्द बदलावा लागला असता काय?” तो ओशाळून म्हणाला, “काका, ते गेल्या वर्षीचेच आहे. फक्त नाव बदलले.” अशा नकलेत कधी कधी जुने नावही तसेच राहून जाते, आणि मग आभाराचा अपमान होतो.

“व्याख्यानानंतर तुम्ही मुलांनी काय केले?” असे आम्ही विचारले, तेव्हा खरा मजकूर हाती आला. त्याने नवे पत्र लिहिले ते असे :

‘विषय : कालच्या व्याख्यानाबद्दल आभार, आणि ओल्या तुरीचा हिशोब

मा. महोदय यांस, सा. न. वि. वि.

काल आपण हंगामाचे दिवस असूनही धुळ्यास आलात, ह्याबद्दल आम्ही सर्व विद्यार्थी आपले आभारी आहोत. ओल्या तुरीची गोष्ट ऐकून आम्ही तिघांनी रात्री हिशोब मांडला. १०० क्विंटल तुरीत १४ टक्के ओलावा असून ती १० टक्क्यांपर्यंत वाळली, तर ९६ क्विंटल उरेल असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु कोरडा भाग ८६ क्विंटल, आणि तोच वाळल्यावर एकूण वजनाच्या ९० टक्के होतो. म्हणून उरते सुमारे ९५.६ क्विंटल. आपण ज्यास “न दिसणारी घट” म्हणालात ती आम्हांस अशी दिसली.

मिल पाहावयास या, असे आपण म्हणाला होता. आम्ही १२ जण येऊ इच्छितो. आपणांस सोयीचा दिवस कळवावा, ही विनंती. कळावे, लोभ असावा.’

खाली स्वतःचे नाव, वर्ग आणि दूरध्वनी क्रमांक.

ह्या पत्रात स्तुतीचे एकही विशेषण नाही; तरी आपले बोलणे कोठे पोहोचले, हे पाहुण्यांस नेमके कळते. वक्त्यास सभागृहात टाळ्या ऐकू येतात, परंतु त्या शिष्टाचाराच्या की समजुतीच्या, हे ओळखता येत नाही. ते फक्त पत्रच सांगू शकते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. मिल पाहण्याची विनंती शोभली, कारण निमंत्रण पाहुण्यांनीच दिले होते. त्याच पत्रात देणगी किंवा नोकरी मागितली असती, तर आभार हे मागणीचे निमित्त ठरले असते. तशी गरज असल्यास निराळे पत्र लिहावे.

पाठविण्याची रीतही सांभाळावी. पत्र दुसऱ्या दिवशीच जावे, कारण आठवडा लोटला की ऐकलेले तपशील विरतात आणि लेखणी पुन्हा ‘मौल्यवान मार्गदर्शना’कडे वळते. पाहुणे अनेक असतील, तर सर्वांस एकच पत्र एकत्र धाडू नये. एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसतो आणि विशेष तर कोणाचेच उरत नाही. छायाचित्रे दोन-तीनच जोडावीत. आणि पाठविण्यापूर्वी नाव व आडनाव निमंत्रणपत्रिकेशी ताडून पाहावे.

पाहुण्यांचे उत्तर तीन ओळींचे आले. दिवस कळविला होता, आणि पुढे लिहिले होते : ‘हिशोब बरोबर आहे. मला तो पहिल्या हंगामात कोणी करून दाखविला नाही. येताना वही आणा.’

मुले वह्या घेऊन गेली. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.