अक्कांच्या दुकानाला बारा वर्षं झाली

आमच्या गावातल्या अक्कांच्या किराणा दुकानाला येत्या गुढीपाडव्याला बारा वर्षं पूर्ण होतात. २०१४च्या पाडव्याला त्यांनी दुकान उघडलं, आणि तेव्हापासून आमच्या गटातल्या अकराही घरांचा किराणा तिथूनच येतो. म्हणून गटाच्या बैठकीत ठरलं की यंदा अक्कांना रेडिओवरून शुभेच्छा द्यायच्या. पण नुसतं ‘भरभराट होवो’ म्हणून थांबायचं नाही. इतकी वर्षं आम्ही याच दुकानात का येत राहिलो, ते नेमकं सांगायचं. बोलण्यात पैशांचे आकडे येतील. ते अक्कांना विचारूनच सांगतोय.

अक्का, आता पुढचं बोलणं तुमच्याशी.

आपला बीड जिल्हा. आपल्या गावातली बरीच घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलात परत येतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. घरात पैसा येतो तो मुकादमाकडून उचल मिळाल्यावर, नाहीतर कापूस-सोयाबीन विकल्यावर. तेल-मीठ मात्र रोजच लागतं. त्यामुळे इथं दुकान चालवायचं म्हणजे उधारी आलीच. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून आपल्या गावात दुकान चाललं नसतं. आणि मागेल त्याला मागेल तेवढी उधारी देऊनही ते टिकलं नसतं. तुम्ही यातून जी वाट काढली, तिच्यासाठी आमच्या पहिल्या शुभेच्छा.

तुम्ही पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवल्या. मोठी वही दुकानात, तिच्यात प्रत्येक घराचं एक पान. आणि छोटी वही ज्याच्या त्याच्या घरी. उधारीवर माल घेतला की दोन्ही वह्यांत एकच ओळ पडते: तारीख, वस्तू, वजन, भाव आणि रक्कम. ‘किराणा दोनशे चाळीस’ असं मोघम तुम्ही कधी लिहिलं नाही. पैसे जमा केले की उरलेली बाकी लिहून दोघांची सही किंवा अंगठा. आणि महिनाअखेरीला बेरीज करून ती समोरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही आपली बाकी तोंडपाठ असते ती यामुळेच.

ऐकणाऱ्या मैत्रिणींसाठी एका घराचं पान सांगतो. घरात आजी आणि दोन नातवंडं, मुलगा-सून फडावर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आजींनी एक लिटर तेल घेतलं १२० रुपयांचं, दोन किलो साखर ८४ रुपयांची, अर्धा किलो तूरडाळ ७० रुपयांची, चहापत्ती ४० रुपयांची आणि साबण ३० रुपयांचा. झाले ३४४. पंधरवड्यानं पुन्हा तेल १२०, एक किलो साखर ४२, मिठाचा पुडा २८. झाले १९०. दोन्ही मिळून ५३४. आजींचे निराधार योजनेचे पैसे आले तेव्हा त्यांनी ३०० जमा केले. बाकी राहिली २३४. या घराची मर्यादा अक्कांनी एक हजार ठरवली होती. कशावरून? पैसे कधी येतात, किती येतात आणि त्यातले दुकानात किती देता येतील, हे आजींना विचारून. घर किती मोठं, माणूस किती ओळखीचा, यावर मर्यादा ठरत नाही. परत किती येऊ शकतं, यावर ठरते.

पाडव्याच्या सुमाराला मुलगा घरी आला आणि हिशेबाला बसला. त्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर ८४ रुपयांचा फरक निघाला. मोठ्या वहीत दोन किलो साखरेची एक ओळ जास्त होती. ती छोट्या वहीत नव्हतीच. नातू वही न घेता पळत आला होता आणि साखर घेऊन गेला होता, हे नंतर त्यानंच सांगितलं. म्हणजे साखर घरात आली होती, यात शंका नव्हती. तरीही अक्का, तुम्ही ती ओळ खोडली. “तुमच्या वहीत नाही, ते मी मागायचं नाही,” असं म्हणालात. त्या ८४ रुपयांनी दुकान बुडालं नाही, पण गावाला कळलं की घरची वही हाच पुरावा. त्यानंतर तुम्ही नियमही बदललात. आधी गिऱ्हाइकाच्या वहीत लिहायचं, मग दुकानाच्या. वही विसरली तर लेकराला परत घरी पाठवायचं, नाहीतर रोख घ्यायचं. सुरुवातीला आम्हाला याचा राग यायचा. पण हिशेबावरून तुमच्या दारात भांडण झालेलं त्यानंतर आम्ही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या शुभेच्छा तुमच्या काट्यासाठी. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तुमचा दाखला भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावलेला असतो. काट्याचे आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसतात. रिकामा डबा ठेवला की तुम्ही आधी शून्य करता, मगच डाळ ओतता. मैत्रिणींनो, कुठल्याही दुकानात गेलात तर एवढं तरी बघा: माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का? डब्याचं वजन मालात धरलं जात असेल, तर प्रत्येक वेळी थोडी थोडी डाळ कमी येते आणि ते घरी जाऊनही कळत नाही. शंका आली तर एक किलोचा बंद मिठाचा पुडा काट्यावर ठेवायला सांगा. एक किलो आणि वर पिशवीच्या वजनाचे थोडे ग्रॅम दिसायला हवेत. किलोपेक्षा कमी दाखवलं तर एकदा दुसरा पुडाही ठेवून बघा. तोही कमीच दाखवत असेल, तर काटा तपासून घ्यायला हवा.

तिसऱ्या शुभेच्छा २०२० सालासाठी. त्या वर्षी पाडवा आला २५ मार्चला आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. दुकानाला सहा वर्षं पूर्ण झाली तो हा दिवस. किराणा दुकानं चालू ठेवायला परवानगी होती, पण मजुरी बंद झाली होती. आपली माणसं कारखान्यांवर अडकली होती. त्यांना परत यायला सरकारनं परवानगी दिली ती एप्रिलमध्ये. उधारी मागणारी घरं एकदम वाढली. तुमच्याकडे माल आणायला रोकड मोजकीच होती. तेव्हा तुम्ही ठरवलंत की कुणाचीही मर्यादा वाढवायची नाही, पण उधारीवर फक्त तेल, मीठ, डाळ, तिखट, साखर, चहापत्ती आणि साबण द्यायचा. तंबाखूची पुडी, बिस्किटं, शेव-फरसाण रोखीनं. काही गडीमाणसं चिडली. पण त्या दोन महिन्यांत तेल-मीठ नाही म्हणून कुणाची चूल थांबली नाही, आणि फेडता येणार नाही एवढी बाकीही कुणाच्या पानावर चढली नाही.

आता जे खरं सांगायचं आहे ते. गेल्या हंगामात पावसानं पिकांचं नुकसान झालं आणि बऱ्याच घरांची पानं मिटलीच नाहीत. आज गावाकडे अक्कांचे ३८ हजार रुपये अडकले आहेत. दुकानातला एकूण माल साधारण सव्वा लाखाचा. म्हणजे मोठा हिस्सा फळीवर नाही, वहीत आहे.

हे आम्हाला वहीआधी फळीवरून कळलं. पहिल्यांदा तूरडाळ मागितली तर “उद्या येते” असं उत्तर आलं. मग तेलाचा एकच डबा दिसायला लागला. जुनी बाकी दिल्याशिवाय तालुक्याचा ठोक व्यापारी नवा माल देत नाही. दुकानात माल नसला की रोखीनं घेणारं गिऱ्हाईक तालुक्याला जाऊन किराणा भरतं. मागे राहतं ते फक्त उधारीचं गिऱ्हाईक. दुकान बंद पडतं ते असं, एकेक फळी रिकामी होत.

मैत्रिणींनो, “हजार रुपयांनी दुकानदाराचं काय बिघडतं?” असं आपण सहज म्हणतो. अक्कांनी बैठकीत हिशेब मांडून दाखवला. साखरेच्या किलोमागे त्यांना दोन रुपये सुटतात. पन्नास किलोचं पोतं विकलं की शंभर रुपये. कुणी हजार रुपये बुडवले, तर ते भरून काढायला दहा पोती साखर विकावी लागते. पाचशे किलो! आपल्या गावात तेवढी साखर खपायला किती दिवस लागतील, याचा तुम्हीच विचार करा.

म्हणून यंदा आम्ही हार-नारळाचा खर्च केला नाही. गटातल्या अकरा घरांनी आपापल्या वह्या बैठकीत आणल्या आणि बेरीज केली. एकूण बाकी निघाली ९,४६० रुपये. हरभरा विकलेल्या सात घरांनी आपली पूर्ण बाकी दिली, ती ६,९६० रुपये. दोन घरांनी गटातून अंतर्गत कर्ज घेऊन मिळून १,५०० भरले. उरलेल्या १,००० रुपयांची दोन घरं फडावर आहेत. ती माणसं आल्यावर आठ दिवसांत हिशेब मिटवतील, आणि तशी तारीख दोन्ही वह्यांत लिहिली आहे. गटाचं कर्ज घ्यायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली, कारण एक देणं फेडायला दुसरं घेणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. ज्या दोघींचा महिन्याचा हप्ता अडीचशेच्या आत बसत होता आणि ज्यांच्याकडे दुधाचे पैसे नियमित येतात, त्यांनाच ते दिलं.

अक्का, ९,४६० पैकी ८,४६० रुपये काल तुमच्या हातात पडले. तुम्ही प्रत्येक पानावर सही केलीत आणि लगेच तेलाच्या डब्यांसाठी फोन लावलात. एवढ्यानं ३८ हजार भरून निघत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण आमच्यातल्या नऊ घरांची पानं कोरी झाली आहेत, आणि पाडव्याला तुम्ही नवी वही घालाल तेव्हा निदान त्या नावांपुढे मागची बाकी ओढावी लागणार नाही.

आमच्या घराघरांतली छोटी वही जपून ठेवली आहे. तेराव्या वर्षाचा माल याच वहीत लिहा. दुकानाला आणि तुम्हाला आम्हा अकरा घरांच्या मनापासून शुभेच्छा.