गरम तेल पास, थंड तेल फेल

हेडफोन लावून ऐकताय ना? कारण आजची गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे आणि ती मला एकदाच सांगायची आहे.

मी जळगाव-धुळे भागात ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी करतो. आपल्याकडे जिनिंग भरपूर. कपाशी यायला लागली की मशिनी सुरू आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद. म्हणजे पावसाळाभर जिनिंगचा ट्रान्सफॉर्मर बंदच पडून असतो. लोकांना वाटतं, बंद आहे म्हणजे त्याला काय होणार? पण ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो बरं का. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आकसतं. आकसताना बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ब्रीदरमधून येते, म्हणजे सिलिका जेलच्या त्या डबीतून. जेल निळं असेल तर ते दमट हवेतलं पाणी शोषून घेतं. गुलाबी झालं की त्याचं काम संपलं. मग पावसाळ्याची ओल सरळ तेलात.

धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये असंच झालं होतं. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीवर चालणारा. मी गेलो तेव्हा सीझन सुरू होऊन काही दिवस झाले होते. दुपारी सप्लाय बंद करून घेतला आणि खालच्या व्हॉल्व्हमधून नमुना काढला. पहिलं लिटरभर तेल सोडून दिलं, कारण व्हॉल्व्हमधली घाण त्यात येते. इथपर्यंत सगळं बरोबर. तेल हाताला चांगलं गरम लागत होतं, पन्नासच्या आसपास. आणि घाईत मी ते तसंच टेस्टच्या कपात ओतलं.

बीडीव्ही टेस्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कपात दोन इलेक्ट्रोड असतात, मध्ये अडीच मिलिमीटरची फट. तेलातले बुडबुडे निघून जाऊ द्यायचे आणि मग व्होल्टेज दर सेकंदाला दोन केव्हीने वाढवत न्यायचं. ज्या आकड्याला फटीतून ठिणगी उडते ती त्या तेलाची ताकद. असं सहा वेळा करायचं, दर वेळी मध्ये दोन मिनिटं थांबून तेल हलकेच ढवळायचं, आणि शेवटी सरासरी काढायची. वापरातल्या अशा ट्रान्सफॉर्मरला किमान ३० केव्ही हवेत.

माझे आकडे आले ३६, ३३, ३८, ३१, ३४, ३२. सरासरी ३४. मी लिहून दिलं, 'ठीक आहे'. तेलाचं तापमान कागदावर लिहिलंच नाही.

डिसेंबर आला. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. रात्रभर जिनिंग बंद होती. सकाळी स्विच टाकला आणि आवाज झाला. एचटी फ्यूज उडाले, आतलं वाइंडिंग जळालं. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग उभी. मालकाने फोन करून एवढंच विचारलं, "काय व्हयनं भाऊ? तू तर पास करेल होता ना?"

माझ्याकडे त्या नमुन्याची दुसरी बाटली बंद ठेवलेली होती. त्यातलं थोडं तेल लॅबला दिलं, उरलेलं थंडच कपात घातलं. आकडे आले १४, १९, १२, १७, १५, १३. सरासरी १५. तेल तेच, बाटली तीच, आणि ३४ चे झाले १५.

असं कसं? लॅबच्या रिपोर्टमध्ये ओलावा होता ४० पीपीएम. एक किलो तेलात ४० मिलिग्रॅम पाणी. आता चहाच्या साखरेचा विचार करा. गरम चहात जास्त साखर विरघळते. तेलात पाण्याचं तसंच आहे. ५० अंशांना एक किलो तेल साधारण १७० मिलिग्रॅम पाणी विरघळवून ठेवू शकतं, १० अंशांना मात्र जेमतेम ३६. म्हणजे दुपारी ते तेल त्याच्या क्षमतेच्या पाव भागाइतकंही भिजलेलं नव्हतं. पहाटे मात्र ते क्षमतेच्या बाहेर गेलं आणि पाणी बारीक थेंबांच्या रूपात सुटलं. विरघळलेलं पाणी फारसा त्रास देत नाही. सुटलेले थेंब आणि भिजलेले कापसासारखे तंतू फटीत ओळीने उभे राहतात आणि विजेला पूल बांधून देतात.

म्हणून नियम असा की नमुना बंद बाटलीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच कपात ओतायचा. आणि नमुना काढताना तेल किती गरम होतं, ते रिपोर्टवर लिहायचंच.

आता पुढचा प्रश्न. तेल वेळेवर फेल निघालं असतं तर करायचं काय? इथे बरेच जण गडबडतात. बीडीव्ही फक्त एवढंच सांगते की तेलात पाणी किंवा कचरा आहे. तेल म्हातारं झालंय का, ते ती सांगत नाही. त्यासाठी आम्लता बघावी लागते. या तेलाची आम्लता होती ०.०८, रंग फिकट पिवळा. म्हणजे तेल तरुण होतं, फक्त भिजलं होतं. अशा तेलाला फिल्टर मशीन पुरतं. तेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, व्हॅक्यूममध्ये त्यातलं पाणी उडवायचं, गाळणीतून कचरा काढायचा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत फिरवत राहायचं.

पण एका फेरीवर समाधान मानू नका. हिशोब करा. या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण ४४० किलो तेल धरा. ४० पीपीएमने त्यात पाणी झालं अठरा ग्रॅमच्या आत, साडेतीन चमचे. वाइंडिंगवरचा कागद ६० किलो धरा, आणि त्यात दोन टक्के ओल. ते झालं १२०० ग्रॅम! खरं पाणी कागदात बसलेलं असतं. तेल कोरडं केलं की कागद हळूहळू त्याला पुन्हा पाणी देतो. म्हणून गरम तेल टाकीतून बराच वेळ फिरवत ठेवायचं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करायची. आकडा परत घसरला तर दोष मशीनचा नाही, कागद ओला आहे.

याच्या उलट केस मला जळगावकडच्या एका जुन्या तेल गिरणीत मिळाली. बीडीव्ही ४६, मालक खूश. पण तेल गडद तपकिरी, वास आंबट, आणि आम्लता ०.३८. वापरातल्या तेलाला ०.३ च्या वर गेलं की धोक्याची घंटा समजायची. हे तेल कितीही फिल्टर केलं तरी आम्ल निघत नाही. आम्ल कागद खातं आणि गाळ होऊन वाइंडिंगवर चिकटतं. इथे रिक्लेम करावं लागतं, म्हणजे तेल मुलतानी मातीतून न्यायचं. हो, तोंडाला लावतात तीच जात. ती माती आम्ल आणि गाळाचे घटक धरून ठेवते. मात्र ती तेलातलं संरक्षक द्रव्यही काढून घेते, म्हणून ते नंतर परत घालावं लागतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरला हा खर्च परवडत नाही. तिथे आतला गाळ धुऊन नवीन तेल भरणंच स्वस्त पडतं.

त्या जिनिंगमध्ये मी आता दरवर्षी दोनदा जातो, एकदा पावसाळ्याआधी ब्रीदर बघायला आणि एकदा स्विच टाकायच्या आधी. दुसऱ्या वेळी ट्रान्सफॉर्मर थंड असतो, तेलही थंड, आणि आकडा खरा येतो. तुमच्या जिनिंगचं, शेताचं किंवा सोसायटीचं जेल कोणत्या रंगाचं आहे, ते आज लांबूनच बघा. टाकीला हात लावू नका. गुलाबी दिसलं तर मेसेज करा. भेटू पुढच्या भागात.