दवाखान्याचा कागद, घरचा तक्ता
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील बोलण्याचा मजकूर)



आज एकच काम हातात घेऊ. दवाखान्यातून आहाराचा कागद मिळतो. त्याचा फोटो मुलगा मोबाईलवर पाठवतो, आणि तो फोटो तिथेच पडून राहतो. त्यावरून भिंतीवर लावता येईल असा वेळेप्रमाणे तक्ता कसा करायचा, ते बघू.

आधी फोटो बघा. कागदाचे चारही कोपरे दिसतात का? पथ्याची यादी बहुतेक वेळा अगदी खाली नाहीतर मागच्या बाजूला असते, आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. "हे टाळा" असं कुठेच दिसत नसेल, तर मूळ कागद मागवून दोन्ही बाजूंचा फोटो पुन्हा घ्या. नाव आणि तारीखही वाचा. शेजारणीलाही साखरच आहे म्हणून तिचा कागद आपल्याला चालत नाही.

आता उदाहरण म्हणून एक कागद घेऊ. साखर आणि बीपी दोन्ही असलेल्या, जेवणाआधी गोळी घेणाऱ्या एका आजींचा. वर जेवणाच्या वेळा छापल्या आहेत. खाली चार ओळी आहेत: साखर, गूळ, मध बंद. केळी, आंबा, चिकू बंद. लोणचं, पापड बंद, मीठ कमी. तेल दिवसाला ३ टीएसपी.

या चार ओळी तक्त्याच्या खाली नुसत्या उतरवल्या, तर स्वयंपाक करताना कुणी वाचत नाही. म्हणून प्रत्येक पथ्य जिथे मोडायची शक्यता आहे, त्या वेळेसमोर लिहायचं. साखर चहात पडते, तर ती सकाळच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही चहांसमोर येईल. केळी फळासमोर, लोणचं जेवणासमोर. बंद असेल तिथे लाल फुली, कमी किंवा मोजून असेल तिथे गोल, आणि वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह.

| वेळ | काय, किती | खूण |
|---|---|---|
| सकाळी ६ | चहा १ कप | ✗ साखर, गूळ |
| ८ | पोहे किंवा उपमा १ वाटी | ○ मीठ |
| ११ | ताक १ ग्लास किंवा फळ १ | ○ ताकात मीठ. ✗ केळी, आंबा, चिकू |
| दुपारी १ | भाकरी २ किंवा चपाती २, वरण १ वाटी, पालेभाजी १ वाटी, काकडी | ✗ लोणचं, पापड. ○ मीठ |
| ५ | चहा १ कप, फुटाणे १ मूठ | ✗ साखर, गूळ. ○ खारे फुटाणे नकोत |
| रात्री ८ | भाकरी ?, भाजी १ वाटी, वरण १ वाटी | ✗ लोणचं, पापड. ○ मीठ |

तक्त्याच्या वर वेगळं लिहा: तेल दिवसभरात मिळून ३ चहाचे चमचे.

उतरवताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, तिरकी रेघ. "भाकरी २ / चपाती २" म्हणजे दोन्हींपैकी एक. "आणि" समजलात तर आजींच्या ताटात चार पडतील. म्हणून रेघ काढू नका, "किंवा" असा शब्द लिहा. दुसरी, चमचा. टीएसपी म्हणजे चहाचा चमचा, ५ मिली. टीबीएसपी म्हणजे मोठा चमचा, १५ मिली. एक अक्षर जास्त वाचलं की तेल तिप्पट होतं. आणि ते दिवसाचं माप आहे, एका जेवणाचं नाही. तिसरी, हाताने केलेला बदल. आपल्या कागदावर रात्रीच्या भाकरीचा छापील २ खोडून बाजूला काहीतरी लिहिलंय. ते १ आहे की १½, कळत नाही. अंदाज करायचा नाही. प्रश्नचिन्ह टाकून त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी वाचायला मदत करतील, पण आकडा ठरवायचा तो ज्यांनी लिहिला त्यांनीच.

आता वेळेचं. कागदावर जेवण दुपारी १ वाजता आहे, पण आजी निंदणीला गेल्या की २:३० वाजतात. मग आपणच तक्त्यात २:३० लिहायचं का? नाही. साखरेच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबलं, तर रक्तातली साखर फार खाली येते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी, पथ्य असलं तरी, शुद्धीवर असेल तर लगेच ३ चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. बरं वाटलं की जेवण द्यायचं, आणि डॉक्टरांना कळवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. म्हणून शेतावरच्या दिवसाची वेळ आणि उपवासाचा दिवस, दोन्ही आधीच डॉक्टरांना विचारून तक्त्यात लिहून घ्या.

तक्ता झाला की एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने तक्त्यावर बोट ठेवत जायचं. शेवटी तक्त्यावर कागदाची तारीख घाला. पुढच्या तपासणीत नवा कागद मिळाला की जुना तक्ता त्याच दिवशी भिंतीवरून काढा.