सच्चर अहवालाचा सारांश लिहिताना : आकड्याला त्याचं वर्ष जोडा

(पनवेल येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेक जण निवेदनं लिहितात, पत्रकं काढतात. त्यात सच्चर समितीचा उल्लेख हमखास असतो. ‘सच्चर अहवालानुसार देशातील मुस्लिमांची साक्षरता 59.1 टक्के आहे,’ असं वाक्य आजही सर्रास लिहिलं जातं. आकडा अहवालातलाच आहे. तरीही वाक्य चुकीचं आहे, आणि चूक त्या ‘आहे’मध्ये आहे.

न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालची समिती मार्च 2005 मध्ये नेमली गेली. तिने नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल दिला. पण साक्षरतेचा हा आकडा 2006 चाही नाही. तो 2001 च्या जनगणनेतला आहे. म्हणजे अहवाल आला तेव्हाच आकडा पाच वर्षांचा झाला होता. जुन्या दस्तऐवजाला अशा दोन तारखा असतात. एक प्रकाशनाची आणि दुसरी माहिती गोळा केल्याची. मुखपृष्ठावर पहिली दिसते. दुसरी शोधण्यासाठी तक्त्याच्या खाली, जिथे आधार दिलेला असतो, तिथे पाहावं लागतं. सारांशात दोन्ही यायला हव्यात.

2011 च्या जनगणनेत देशातल्या मुस्लिमांची साक्षरता 68.5 टक्के नोंदली गेली. आता समजा, तुम्ही 59.1 हा आकडा ‘सध्याचा’ म्हणून निवेदनात घातला. समोरचा अधिकारी 2011 चा तक्ता उघडून दाखवेल, आणि एका आकड्यापायी तुमची सगळी मागणी बाजूला पडेल. खरं तर मागणीला आधार होता. 2001 मध्ये सर्व भारतीयांची साक्षरता 64.8 टक्के होती, म्हणजे फरक 5.7 टक्के अंकांचा. 2011 मध्ये सर्वांची 73 झाली आणि फरक 4.5 वर आला. दहा वर्षांत साक्षरता बरीच वाढली, पण अंतर थोडंच मिटलं. हे वर्षांसह मांडलं की खोडता येत नाही.

वर्षाबरोबर प्रदेशही सांगावा लागतो. 59.1 हा आकडा देशाचा आहे. त्याच 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता 78.1 टक्के होती, राज्याच्या 76.9 या सरासरीपेक्षा किंचित जास्त. देशाचा आकडा इथल्या निवेदनात टाकला, तर आपणच आपल्या समाजाचं चुकीचं चित्र रंगवतो.

आपल्या पनवेलचंच पाहा. 2011 च्या जनगणनेत पनवेल नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे 1 लाख 80 हजार होती. 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली आणि आसपासची गावं हद्दीत आली, आणि त्याच 2011 च्या मोजणीनुसार नव्या हद्दीची लोकसंख्या सुमारे 5 लाख 10 हजार ठरली. वर्ष एकच, नाव एकच, तरी आकडा जवळपास तिप्पट. म्हणून 2016 आधीचा कुठलाही कागद वाचताना ‘पनवेल’ म्हणजे कोणती हद्द, हे सारांशात लिहायलाच हवं.

मग वाक्य कसं लिहायचं? असं : ‘नोव्हेंबर 2006 च्या सच्चर अहवालात 2001 च्या जनगणनेच्या आधारे देशातील मुस्लिमांची साक्षरता 59.1 टक्के नोंदली होती. 2011 च्या जनगणनेत ती 68.5 टक्के होती.’ वाक्य लांब झालं, हरकत नाही. क्रियापद भूतकाळात आहे आणि वर्ष आकड्याच्या शेजारीच आहे. वर्ष फक्त शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत ठेवून भागत नाही. पुढे कुणीतरी मधला परिच्छेद तेवढा कापून व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि वर्ष मागेच राहतं.

नवा आकडा नसेल तर? 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे धर्मनिहाय साक्षरतेसाठी अजूनही 2011 कडेच जावं लागतं. तेव्हा सरळ लिहा, ‘जनगणनेतली शेवटची उपलब्ध आकडेवारी, 2011.’ स्वतः अंदाजाने आकडा वाढवू नका.

जुना आहे म्हणून सच्चर अहवाल टाकून द्यायचा नाही. प्रशासकीय सेवेत मुस्लिम 3 टक्के आणि पोलीस सेवेत 4 टक्के, हे त्याने नोंदवलेलं त्या वेळचं चित्र आहे. आजची तुलना त्याच्याशीच करता येते. आणि त्याच अहवालात एक शिफारस होती : विविध समाजघटकांची आकडेवारी सतत अद्ययावत ठेवणारी राष्ट्रीय माहिती पेढी उभारावी. आपले आकडे शिळे होणार, हे समितीलाही ठाऊक होतं. पुढच्या निवेदनात जुना आकडा वर्षासह द्या, आणि त्याच्या खाली नव्या आकड्याची मागणी लिहा.