सही केली, करून दिली, करून घेतली, करून टाकली

गटातल्या बाईचा अर्ज किंवा जबाब इंग्रजीत करायचा असला, की आम्ही आधी क्रियापदाचं शेपूट बघतो. बाई नुसतं ‘केलं’ म्हणाली, की ‘करून दिलं’, ‘करून घेतलं’, ‘करून टाकलं’ म्हणाली? काम तेच असतं, पण कुणासाठी केलं, कुणी करवलं आणि कोणत्या मनानं केलं, ते या शेपटात असतं.

जमिनीच्या कागदावरची सहीच घ्या. ‘मी सही केली’ याचं इंग्रजी सरळ आहे : आय साइन्ड.

‘मी नणंदेला सही करून दिली’ म्हणजे सही माझीच, पण तिचं काम व्हावं म्हणून केलेली. याचं ‘आय साइन्ड फॉर हर’ केलं तर घोटाळा होतो. त्याचा अर्थ ‘तिच्या जागी मी सही केली’ असाही निघतो. म्हणून लिहावं, ‘तिचं काम व्हावं म्हणून मी माझी सही केली’ : आय साइन्ड माय ओन नेम टू हेल्प हर.

आता ‘दिरानं माझ्याकडून सही करून घेतली.’ इथं ‘आय साइन्ड’ लिहिलं तर दीर वाक्यातून गायबच झाला! ‘माझ्याकडून’ हा शब्द दिसला, की करवणारा दुसरा आहे हे ओळखायचं. मग ‘ही हॅड मी साइन’ लिहावं. जबरदस्ती असेल तर ‘ही मेड मी साइन’. पण ‘करून घेतली’ एवढ्यावरून जबरदस्ती ठरत नाही. समजावूनही सही करून घेता येते. म्हणून बाईला विचारायचं, ‘नाही म्हणता आलं असतं का?’ आपल्या मनानं ‘मेड’ घालायचं नाही आणि खरं असेल तर गाळायचंही नाही.

‘कडून’ नसेल तर आणखी जपायचं. ‘मी सही करून घेतली’ म्हणजे स्वतःची सही उरकली, की दुसऱ्याची मिळवली? दोन्ही अर्थ होतात. सही कुणाची, ते विचारूनच लिहावं.

‘शेवटी मी सही करून टाकली.’ यात टाकलं काहीच नाही. कटकट एकदाची मिटवली, एवढंच. ‘जमीन विकून टाकली’ला इंग्रजीत ‘सोल्ड ऑफ’ आहे, पण सहीला तसा जोड नाही. तिथं कारण उघड लिहावं लागतं : आय साइन्ड जस्ट टू बी डन विथ इट. पुढं कुणी विचारलं, ‘खुशीनं केलीत का?’, तर या शब्दांचा आधार असतो.

इंग्रजी कागद झाला की त्याचा अर्थ मराठीत त्या बाईला वाचून दाखवायचा. ‘मी असं नाही म्हणाले’ असं ती म्हणाली, तर आधी हे शेपूट तपासायचं. आणि तिची सही त्यानंतरच घ्यायची.