त्राटक : ज्योतीकडे पाहताना



सुरतच्या लिंबायत-उधन्यात आपली खानदेशी मंडळी पुष्कळ.
कुणी लूमवर, कुणी हिऱ्यांच्या कारखान्यात.
दिवसभर नजर बारीक कामात.
त्यांनी त्राटक करावं का?
करावं, पण घरी आल्या आल्या नको. आधी डोळ्यांना विसावा द्या.

पंखा बंद करा. सुरतच्या उकाड्यात हेच अवघड!
पण ज्योत हलली, की नजरही हलते.
मेणबत्ती डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा.
वातीच्या टोकाकडे शांतपणे पाहा.
सुरुवातीला अर्धं मिनिट पुरे.

मग डोळे मिटा.
आत ज्योतीचा ठसा दिसेल.
तो विरेपर्यंत लक्ष त्याच्यावरच ठेवा.
असं दोन-तीनदा करा.

पापणी लवली नाही, की डोळा कोरडा पडतो.
हठयोगप्रदीपिका म्हणते, अश्रू येईपर्यंत पाहा.
नवख्यानं तिथवर ताणू नये.
जळजळ झाली, की थांबा.
पुन्हा सांगते, जळजळ झाली, की थांबा.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून बसा.
काचबिंदू, पडद्याचा विकार, फिट्स, अर्धशिशी असेल,
किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल,
तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि हो, त्राटकानं चष्म्याचा नंबर जात नाही. चष्मा सोडू नका.